पाण्याचा डिफ्युझर की बिनपाण्याचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

सुगंधी तेलाचा डिफ्युझर घ्यायला गेलं की दोन जातींची यंत्रं समोर येतात. एक अल्ट्रासॉनिक. त्यात टाकीभर पाणी घालायचं आणि त्यावर तेलाचे मोजके थेंब टाकायचे. दुसरा नेब्युलायझिंग. त्याला पाणी अजिबात लागत नाही, नुसतं तेल. बहुतेक जण आकार, दिव्यांचे रंग आणि किंमत बघून ठरवतात. आपल्या भागात मात्र आधी दोन गोष्टी बघाव्यात असं मला मनापासून वाटतं: घरात येणारं पाणी कसलं आहे, आणि यंत्र वर्षातल्या कुठल्या महिन्यांत जास्त चालणार आहे. खानापूरच्या पावसात आणि अथणीच्या उन्हाळ्यात एकच सल्ला चालत नाही.

आत नेमकं काय होतं

अल्ट्रासॉनिक डिफ्युझरचं झाकण काढलं की टाकीच्या तळाशी नाण्याएवढी एक गोल चकती दिसते. वीज मिळाली की ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते, इतकी वेगात की डोळ्यांना हलताना दिसतही नाही. त्या थरथरीनं वरचं पाणी फुटतं आणि त्याचे अतिशय बारीक थेंब हवेत उडतात. छोटा पंखा ते धुकं तोटीतून बाहेर ढकलतो. तेल पाण्यावर तरंगत असतं, ते याच थेंबांबरोबर बाहेर पडतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. तोटीतून येतं ते वाफेसारखं दिसतं, पण ती वाफ नव्हे. पाणी उकळलं की वाफ वर जाते आणि पाण्यातले क्षार भांड्यातच राहतात. म्हणून तर पातेल्याला पांढरा थर बसतो. डिफ्युझरमध्ये पाणी तापतच नाही. पाण्याचा थेंब जसाच्या तसा उडतो आणि त्यात जे काही असेल, म्हणजे क्षार, धूळ, जंतू, ते सगळं त्याच्याबरोबर खोलीत येतं.

नेब्युलायझिंग यंत्रात खाली हवेचा छोटा पंप असतो आणि वर काचेचं भांडं. त्या काचेत केसासारख्या बारीक तोंडाच्या दोन नळ्या असतात. एकीतून हवा जोरात सुटते आणि त्या झोतामुळे दुसरीतून तेल वर ओढलं जाऊन फुटतं. रबरी फुगा दाबून अत्तर फवारण्याची जुनी बाटली याच पद्धतीनं चालते. जाड थेंब काचेच्या भिंतीवर आदळून परत खाली येतात, फक्त सगळ्यात बारीक थेंब वरच्या तोंडातून बाहेर पडतात. पाणी नाही, उष्णता नाही. म्हणून वास दाट येतो आणि लगेच येतो. तेलही तितक्याच वेगानं संपतं.

एक इशारा इथेच देतो. दमा किंवा खोकल्यासाठी घरी औषधाचं नेब्युलायझर असेल, तर त्यात सुगंधी तेल कधीही घालू नका, अगदी निलगिरीचा एक थेंबसुद्धा नको. ते यंत्र औषध थेट फुप्फुसात पोचवण्यासाठी असतं, आणि तेल फुप्फुसात गेलं तर गंभीर आजार होऊ शकतो.

आधी पाणी तपासा

बेळगाव शहराला नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येतं. साठवलेलं पावसाचं पाणी ते, त्यात क्षार तुलनेनं कमी. खानापूरकडे जांभ्या दगडाच्या पट्ट्यात विहिरीचं पाणीही बहुधा मऊच लागतं. पण नळाला पाणी रोज येत नाही म्हणून शहरातल्या कितीतरी घरांत वरच्या टाकीत बोअरचं पाणी चढवलेलं असतं. चिकोडी, रायबाग, अथणी असं ईशान्येकडे जावं तसा काळ्या मातीचा कोरडा मुलूख लागतो, आणि तिथल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो. असं पाणी घरात असेल तर ते अल्ट्रासॉनिक डिफ्युझरमध्ये घालायचं नाही.

का, ते एका घरातल्या हिशेबावरून सांगतो. वडगावच्या एका ओळखीच्या काकूंनी हॉलमध्ये ३०० मिलीचा डिफ्युझर ठेवला होता. रोज संध्याकाळी एक टाकी पूर्ण संपायची. काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "अरे, रोज पुसते तरी टीव्हीवर पांढरं बसतंय. भिंतीचा चुना सुटतोय की काय, कळेना झालंय."

"काकू, त्यात पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. नळाचं येतं ते प्यायला नि स्वयंपाकाला लागतं की."

आरओ दुरुस्त करणाऱ्या पोराकडे पेनासारखं एक टीडीएस मीटर असतं. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते त्यावर अंदाजानं कळतं. त्यांच्या बोअरच्या पाण्याचा आकडा आला ९००. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम क्षार. ३०० मिलीच्या एका टाकीत त्यातले २७० मिलिग्रॅम, पाव ग्रॅमहून थोडे जास्त. ऐकायला नगण्य वाटतं. पण रोज एक टाकी धरली तर महिन्याला आठ ग्रॅम होतात, म्हणजे चहाचा जवळजवळ दीड चमचा पांढरी पूड. तिच्यातली बरीचशी हवेत उडून टीव्हीवर, पडद्यांवर आणि श्वासातही जाते. उरलेली चकतीवर चिकटते आणि यंत्राचं आयुष्य खाते.

काकूंनी मग वॉर्डातल्या शुद्ध पाण्याच्या घटकावरून भरलेल्या कॅनमधलं पाणी वापरायला सुरुवात केली. त्याचा आकडा ६० होता. तोच हिशेब केला तर महिन्याला अर्धा ग्रॅम. टीव्हीवरचा थर थांबला. नाणं टाकून पाणी घेण्याचे असे घटक आता बहुतेक गावांत आहेत. घरी आरओ असेल तर त्याचं पाणी घ्या. मीटरवर आकडा १०० च्या आत असेल तर निश्चिंतपणे वापरा. दोन-अडीचशेपर्यंत चालतं, पण साफसफाई जास्त वेळा करावी लागते. त्याच्या वर असेल तर पाणी बदला.

पाणी उकळून घेतलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. उकळल्यानं जंतू मरतात, काही क्षार तळाशी बसतात, पण बाकीचे पाण्यातच राहतात आणि उलट थोडे दाट होतात. फडक्यानं गाळून किंवा तुरटी फिरवूनही विरघळलेले क्षार निघत नाहीत. पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी मऊ असतं खरं, पण त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण येते. ते धुक्यातून खोलीत उडवणं बरं नाही.

डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात चांगलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला ते आपल्याकडे सर्रास मिळतं. मात्र बॅटरीच्या दुकानात शेजारीच ॲसिडचे कॅनही असतात आणि दोन्हींना लोक सवयीनं 'बॅटरीचं पाणी' म्हणतात. सुटं, भरून दिलेलं घेऊ नका. सील असलेली, डिस्टिल्ड वॉटर असं छापलेली बाटलीच घ्या. खात्री होत नसेल तर आरओचं पाणी पुरेसं आहे.

पावसाळा आणि उन्हाळा

पाण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हवेत आधीच ओल किती आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी बंद खोली धरा. जुलैमध्ये हवा २५ अंशांवर असते आणि आर्द्रता ९० टक्के. अशा खोलीतली हवा आणखी जेमतेम ६५ मिली पाणी सामावून घेऊ शकते. तुम्ही मात्र टाकीतलं ३०० मिली पाणी तिच्यात सोडणार. उरलेलं जाणार कुठे? कपाटाच्या मागच्या भिंतीवर, गाद्यांत, दोरीवर न वाळलेल्या कपड्यांत. खिडकी उघडी असेल तर थोडं बाहेर जाईल, पण बाहेरही तीच ओल असते. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूला पावसाळ्यात चपलांना बुरशी येते. तिथे अल्ट्रासॉनिक लावणं म्हणजे बुरशीला पाणी घालणं.

त्याच खोलीत एप्रिलच्या दुपारी ३५ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असेल तर हवा ७०० मिलीपर्यंत पाणी सहज पिऊन टाकते. तेव्हा पाण्याचं यंत्र त्रास देत नाही, कोरड्या हवेत थोडं बरंही वाटतं. म्हणून माझा सल्ला असा: चिकोडी, अथणी, गोकाक अशा कोरड्या बाजूला राहत असाल आणि चांगलं पाणी मिळत असेल तर अल्ट्रासॉनिक घ्या. खानापूर तालुक्यात किंवा बेळगावात ओल धरणाऱ्या जुन्या कौलारू घरात राहत असाल आणि पावसाळ्यातही सुगंध हवा असेल, तर जास्त पैसे पडले तरी नेब्युलायझिंग घ्या. दोन्ही घेण्याची गरज नाही. अल्ट्रासॉनिक आधीच घेतला असेल तर जून ते सप्टेंबर त्याला विश्रांती द्या, किंवा टाकी चतुर्थांशच भरा.

अल्ट्रासॉनिक लावताना

यंत्र सपाट आणि कमरेएवढ्या उंचीच्या जागी ठेवा. खाली एक सुती नॅपकिन घाला, म्हणजे धुक्याचे थेंब लाकडावर पडणार नाहीत. टीव्ही, लॅपटॉप आणि मिक्सरपासून निदान हातभर लांब ठेवा. पिन काढून ठेवलेली असतानाच पाणी भरा. टाकीच्या आत एका बाजूला हवा येण्याचं भोक किंवा छोटी नळी असते. पाणी त्या बाजूनं ओतलं तर ते आतल्या पंख्यात जातं आणि यंत्र तिथेच संपतं. म्हणून मापाच्या भांड्यानं, त्या भोकाच्या विरुद्ध बाजूनं, हळूहळू ओता. रिकामं करतानाही त्याच विरुद्ध बाजूनं. आत एक रेघ असते, तिच्या वर पाणी जाऊ देऊ नका. पाणी जास्त झालं तर चकतीची थरथर वरपर्यंत पोचत नाही आणि धुकं उलट कमी येतं.

तेल १०० मिलीला तीन थेंब. ३०० मिलीच्या टाकीत नऊ-दहा थेंब पुष्कळ होतात. पहिल्यांदा त्याच्या निम्म्यानं सुरुवात करा. खोबरेल, तीळ किंवा बदामाचं तेल यात घालू नका. ते पाण्यावर साय धरतं आणि चकतीला चिकटतं. अत्तरांचं आणि अगरबत्तीच्या दुकानातल्या सुवासिक तेलांचंही तेच. त्यांत कुठलं जाड तेल मिसळलेलं असतं ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

संत्रं, लिंबू या सालींच्या तेलांना प्लास्टिक खाण्याची खोड आहे. साध्या ठिसूळ प्लास्टिकच्या टाकीला काही आठवड्यांत धूसर डाग पडतात, मग बारीक तडे जातात. टाकीच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, ते टिकतं. खूण नसेल तर सालींची तेलं क्वचितच वापरा आणि लगेच धुऊन टाका.

नेब्युलायझिंग लावताना

काच उभी आणि घट्ट बसवा. ड्रॉपरनं तेल सोडा, पहिल्या दिवशी वीस थेंब, म्हणजे साधारण एक मिली. तेलाची पातळी आतल्या हवेच्या नळीच्या तोंडाखाली राहिली पाहिजे. तेल जास्त झालं की आत गुडगुड आवाज येतो आणि थेंब बाहेर उडून मेजावर पडतात. यंत्र चालू असताना किंवा तेल आत असताना ते आडवं करू नका, उचलून नेऊ नका. तेल खाली पंपात उतरलं तर पंप दुरुस्त होत नाही.

तेल पातळ हवं. गवती चहा, निलगिरी, लॅव्हेंडर, संत्रं ही चांगली चालतात. चंदन, वाळा, पॅचौली ही दाट तेलं एकटी घातली तर नळीचं तोंड दोन-तीन वापरांत बंद होतं. वाळ्याचा वास मलाही फार आवडतो. तो हवाच असेल तर एका थेंबाला निदान पाच थेंब पातळ तेल मिसळा आणि त्या दिवशी काच धुतल्याशिवाय ठेवू नका. हिवाळ्यात पहाटेच्या गारठ्यात पातळ तेलंसुद्धा थोडी घट्ट होतात; ऊन जरा वर आल्यावर यंत्र लावा.

किती वेळ चालवायचं

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. यंत्र लावून पंधरा-वीस मिनिटं झाली की आपल्याला वास येईनासा होतो. वास संपलेला नसतो, नाकाला त्याची सवय झालेली असते. बाहेरून आलेल्या माणसाला दारातच तो झणझणीत लागतो. आपण मात्र तेल कमी पडलं असं समजून आणखी थेंब टाकतो. त्या रात्री डोकं का दुखतंय, ते कळत नाही.

म्हणून घड्याळ लावून चालवा. अल्ट्रासॉनिक अर्धा ते एक तास चालू आणि नंतर तितकाच वेळ बंद. नेब्युलायझिंग पाच ते दहा मिनिटं चालू, नंतर वीस ते तीस मिनिटं बंद. बहुतेक नेब्युलायझिंग यंत्रांना अशी आपोआप चालू-बंद होण्याची सोय असते. नसेल तर मोबाइलवर गजर लावा. दिवसभरात दोन-तीन फेऱ्या पुरे. रात्री झोपताना यंत्र चालू ठेवून झोपू नका. झोपण्याआधी अर्धा तास लावा आणि बंद करून खोलीत जा. खोलीचं दार किंवा खिडकी थोडी उघडी असलीच पाहिजे. लहान खोलीत हे दुप्पट महत्त्वाचं.

तेल किती लागेल याचा हिशेब यावरूनच निघतो. दहा मिलीच्या बाटलीत साधारण दोनशे थेंब असतात. रोज नऊ थेंबांची एक टाकी धरली तर अल्ट्रासॉनिकला एक बाटली तीन आठवडे पुरते. नेब्युलायझिंगचं यंत्रागणिक वेगळं असतं, म्हणून स्वतः मोजा. वीस थेंब घाला, दहा मिनिटं चालू आणि वीस मिनिटं बंद असं चालवा, आणि तेल संपेपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा. पाच-सहा फेऱ्यांतच संपलं, तर दिवसाला तीन फेऱ्यांनी तुमची बाटली वीस दिवसांतच संपणार. जोर कमी-जास्त करायचं बटण असेल तर सगळ्यात कमीवर ठेवा. दहा बाय दहाच्या खोलीला तेवढंच पुरतं.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या खोलीत कुठलाच डिफ्युझर लावू नका. लहान मुलं असतील तर निलगिरी, पेपरमिंट आणि कापूर टाळा. निलगिरी आणि पेपरमिंटनं लहानग्यांच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो. कापूर मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून बाटली आणि वड्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. कुणाला दमा असेल, घरात गर्भवती असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मांजर पाळलेलं असेल तर नेब्युलायझिंग नकोच: तेलाचे न मिसळलेले कण तिच्या अंगावर बसतात, ती अंग चाटते आणि तिच्या यकृताला ती तेलं पचवता येत नाहीत. टी ट्री तेल तर मांजरांना विषारीच. पिंजऱ्यातले पोपट, लव्हबर्ड यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. त्यांच्या खोलीत दोन्हीपैकी काहीच नको.

साफसफाई: अल्ट्रासॉनिक

रोजचं काम एवढंच. वापर झाला की उरलेलं पाणी ओतून टाका, मऊ सुती फडक्यानं टाकी आतून कोरडी करा आणि झाकण उघडं ठेवा. उद्या वापरू म्हणून पाणी आत ठेवू नका. एक-दोन दिवसांत टाकीच्या भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं. ते जंतूंचं आवरण असतं, आणि पुढच्या वेळी यंत्र तेच खोलीत उडवतं. आत सुगंधी तेल आहे म्हणजे जंतू मरतात, यावर विसंबू नका.

आठवड्यातून एकदा नीट धुवा. पिन काढा. टाकीत निम्म्यापर्यंत साधं पाणी घ्या आणि चहाचा एक चमचा पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगरचा वास नको असेल तर २०० मिली पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व चालतं. पंधरा मिनिटं तसंच ठेवा. यंत्र चालू करून ते धुकं खोलीत उडवायची गरज नाही. आम्ल चकतीवर नुसतं राहिलं तरी काम करतं. क्षार असतील तर चकतीवर बारीक बुडबुडे येताना दिसतील. मग ओतून टाका, कान साफ करायची कापसाची काडी घेऊन चकती हलक्या हातानं गोल पुसा, दोनदा साध्या पाण्यानं खळबळा आणि कोरडं करा. थर निघाला नाही तर पुन्हा भिजवा. नखानं, सुरीनं किंवा भांडी घासायच्या काथ्यानं खरवडू नका. चकतीवरचा लेप अतिशय पातळ असतो. त्याला ओरखडा पडला की ती मेलीच समजा.

टाकीला तेलाचा चिकटपणा राहिला असेल तर तो व्हिनेगरनं जात नाही. भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब फडक्यावर घेऊन पुसा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. साबण मागे राहिला तर पुढच्या वेळी टाकीत फेस होतो आणि धुकं येत नाही. आख्खं यंत्र नळाखाली कधीच धरू नका.

साफसफाई: नेब्युलायझिंग

इथे पाणी आणि साबण उपयोगाचे नाहीत, कारण आत तेल वाळलेलं असतं. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत सर्किट पुसायला ते वापरतात, मेडिकलमध्येही मिळतं. सॅनिटायझर वापरू नका. त्यातल्या ग्लिसरीननं नळी आणखी चिकट होते.

आठवड्यातून एकदा, किंवा तेल बदलताना दर वेळी, काच पंपावरून सरळ वर उचलून काढा. उरलेलं तेल ओता. काचेत ड्रॉपरनं दोन-तीन मिली अल्कोहोल सोडा, तोंडावर बोट ठेवून हळूहळू फिरवा आणि दहा मिनिटं ठेवा. मग तोच ड्रॉपर बारीक नळीच्या खालच्या तोंडाला लावून अल्कोहोल दोन-चार वेळा आतून दाबा. ते पलीकडून सरळ धार होऊन आलं तर नळी मोकळी आहे. थेंब-थेंब येत असेल तर अर्धा तास भिजवून पुन्हा करा. टाचणी किंवा सुई घालू नका, ते बारीक तोंड तुटलं की नवीन काच घ्यावी लागते. शेवटी काच पालथी घालून पूर्ण वाळू द्या.

काही यंत्रांच्या कागदावर अल्कोहोल घालून यंत्र पाच मिनिटं चालवा असं लिहिलेलं असतं. मी ते करू नका असंच सांगेन. पेट घेणाऱ्या अल्कोहोलचा फवारा खोलीत उडतो, आणि आपल्या घरांत देवघरात समई असते, शेजारी गॅस पेटलेला असतो. भिजवून तेच काम होतं. भिजवतानाही खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नको.

यंत्र रुसलं तर

अल्ट्रासॉनिकमधून धुकं येईनासं झालं की आधी पाणी रेघेखाली आहे का आणि मेज सपाट आहे का ते बघा. मग झाकण काढून, पाणी असताना, यंत्र क्षणभर चालू करा आणि पाण्याच्या मधोमध बघा. तिथे बोटभर रुंदीचा फुगवटा, छोटं कारंजं उठत असेल तर चकती चांगली आहे. धुकं बाहेर न येण्याचं कारण पंखा किंवा हवेचं भोक. त्या भोकातली धूळ कोरड्या ब्रशनं काढा. फुगवटा अगदीच मंद असेल तर चकतीवर क्षार चढलेत, व्हिनेगरनं भिजवा. पाणी मुळीच हलत नसेल आणि भिजवूनही फरक पडत नसेल तर चकती गेली. हे बघताना चालू यंत्राच्या पाण्यात, चकतीच्या वर बोट घालू नका. चटका बसल्यासारखी वेदना होते.

नेब्युलायझिंगचा पंप घरघरतोय पण धुकं नाही, असं झालं तर काच काढून पंपाच्या तोंडाशी ओठ किंवा मनगट न्या. हवा जोरात लागली तर दोष काचेत, म्हणजे नळी तुंबली आहे. हवाच लागत नसेल तर पंपात तेल उतरलेलं आहे किंवा आतली रबरी नळी सुटली आहे, आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं. धुकं येतंय पण वासाला तिखट, रंगाच्या डब्यासारखी झाक आली असेल तर यंत्र बरोबर आहे, तेल शिळं झालं आहे. लिंबू-संत्र्याची तेलं सगळ्यात आधी खराब होतात. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा आणि वर्षाच्या आत ती संपवा.

पावसाळ्यासाठी अल्ट्रासॉनिक उचलून ठेवणार असाल तर व्हिनेगरनं धुऊन, दोन दिवस उघड्यावर वाळवून मगच खोक्यात घाला, अडॅप्टर वेगळा गुंडाळा, आणि खोकं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. नेब्युलायझिंगची काच पंपावरून काढून, जुन्या सुती ओढणीत गुंडाळून, उभीच ठेवा.